चालू फाईलचं नाव बदलायचंच नाही

प्रश्न: आमचं चार जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. ऑटोकॅडच्या फायलींना final, final2, latest अशी नावं पडलीयेत. नावं आणि बॅकअप कसे ठेवावेत?

ज्या फाईलवर रोज काम होतं, तिचं नाव पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच राहू द्या. रिव्हिजन नंबर टायटल ब्लॉकमध्ये आणि बाहेर जाणाऱ्या पीडीएफच्या नावात टाका.

समजा `2407-AR-101.dwg` हा तळमजल्याचा प्लॅन आहे: प्रोजेक्ट, विभाग, शीट नंबर. प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलच्या शीटना तोच एक्सरेफ म्हणून जोडलाय. क्लायंटने टॉयलेटची भिंत 150 मिमी सरकवायला सांगितली आणि कुणीतरी बदल करून `2407-AR-101-final2.dwg` नावाने सेव्ह केलं. प्लंबिंगची शीट मात्र जुनीच फाईल वाचत राहते. ती जागेवर असल्यामुळे ऑटोकॅड कुरकुरही करत नाही. स्लॅब पडल्यावर साइटवरून फोन येतो की स्लीव्ह भिंतीच्या बाहेर आलंय, आणि मग कोअर कटिंग.

म्हणून ड्रॉइंग बाहेर पाठवताना `2407-AR-101_R2_2024-08-14.pdf` अशी पीडीएफ काढा. तारखेत वर्ष आधी लिहिलं की एकाच शीटच्या फायली आपोआप तारखेनुसार लागतात. ती पीडीएफ `Issued` फोल्डरमध्ये ठेवा आणि `ETRANSMIT` कमांडने त्या दिवसाची डीडब्ल्यूजी सगळ्या एक्सरेफसकट झिप करून शेजारीच ठेवा. या फोल्डरला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. R1 मध्ये भिंत कुठे होती यावरून कॉन्ट्रॅक्टरशी वाद झाला, तर उत्तर तिथेच सापडतं.

आता बॅकअप. गूगल ड्राइव्हचं सिंक म्हणजे बॅकअप असं बरेच जण धरून चालतात, ते मला अजिबात पटत नाही. एका कॉम्प्युटरवर फोल्डर उडाला की सगळीकडून उडतो, आणि ट्रॅशमध्ये तो 30 दिवसच राहतो. दोन हार्ड डिस्क घ्या. एक ऑफिसात, दुसरी कुणाच्या तरी घरी, आणि दर आठवड्याला अदलाबदल. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. रॅन्समवेअर शिरलं तर जोडलेली डिस्कही लॉक होते. महिन्यातून एकदा डिस्कवरचा एखादा जुना प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेऊन उघडा. एक्सरेफ सापडले नाहीत, तर त्यांचा पाथ बहुधा `Relative` ठेवलेला नाही.

आणि चालू फाईल बिघडली, तर आधी पुन्हा सेव्ह करणं थांबवा. `.bak` फाईलमध्ये फक्त शेवटच्या सेव्हच्या आधीची प्रत असते. बिघडल्यावर दोनदा सेव्ह केलंत की तीही बिघडलेलीच मिळते. ती दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून एक्स्टेन्शन `.dwg` करा आणि मग उघडा. ऑटोकॅड मध्येच बंद पडलं असेल, तर ऑटोसेव्हची `.sv$` फाईलही बघा. तिचा फोल्डर `SAVEFILEPATH` टाइप केल्यावर दिसतो. ड्रॉइंग नीट बंद केलं की ही फाईल पुसली जाते, त्यामुळे ती आधी बाजूला काढून घ्या.