फॅक्टरपेक्षा ई व्हॅल्यूकडे बघा

प्रश्न: वाळूवर 2 मी. × 2 मी. चं फुटिंग आहे. इलॅस्टिक थिअरीने तात्काळ सेटलमेंट काढताना इन्फ्लुअन्स फॅक्टर 1.12 घ्यायचा की 0.82? ई व्हॅल्यू 30 सेंमी प्लेटच्या लोड टेस्टवरून काढली आहे.

0.82 घ्या. कॉलमखालचं नेहमीच्या जाडीचं आरसीसी फुटिंग ताठ असतं, ते सगळं एकसारखं खाली जातं. 1.12 हा लवचीक फुटिंगच्या मध्यबिंदूचा फॅक्टर आहे, तेलाच्या टाकीच्या पातळ तळासारख्या गोष्टींसाठी. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून मी लिहायला बसलो. 1.12 आणि 0.82 मधला फरक तीसेक टक्क्यांचा आहे. प्लेटवरून काढलेली ई व्हॅल्यू तुमचं उत्तर दुपटीने चुकवू शकते.

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगत एका दुमजली इमारतीच्या कामावर मी साइट इंजिनिअर होतो. मध्यम घट्ट वाळू, कॉलमवर साधारण 60 टन, म्हणजे 2 मीटरच्या चौरस फुटिंगखाली 150 kPa. कन्सल्टंटने 30 सेंमीची प्लेट ठेवून टेस्ट करवली. 150 kPa ला प्लेट 5 मिमी खचली. मग त्यांनी आपलं नेहमीचं सूत्र उलटं चालवलं:

```
S = q · B · (1 − μ²) · I / E
E = 150 × 0.3 × 0.91 × 0.82 / 0.005 ≈ 6700 kPa
```

μ 0.3 धरलेला. हीच ई व्हॅल्यू 2 मीटरच्या फुटिंगला लावली की सेटलमेंट येतं 33 मिमी. प्रोजेक्टची मर्यादा 25 मिमी ठरलेली, म्हणून रिपोर्टमध्ये शिफारस आली पाइल्सची. दुमजली घराला पाइल! मालकाचं बजेट तिथेच कोसळलं असतं.

गणितात आकडेमोडीची चूक एकही नव्हती, म्हणून तर वाद घालणं अवघड गेलं. गोम सूत्राच्या गृहीतकात आहे. हे सूत्र जमिनीची ई व्हॅल्यू वरपासून खोलवर एकच धरतं. तसं असलं तर सेटलमेंट रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतं: 2 मीटर भागिले 0.3, म्हणजे 6.67 पट. 5 मिमीचे 33 मिमी होतात ते एवढ्यावरच. चिकणमातीत हे बऱ्यापैकी चालतं. वाळूत चालत नाही, कारण वाळूचा ताठपणा तिच्यावरच्या आणि आजूबाजूच्या दाबावर ठरतो. खोल गेलं की दाब वाढतो, कण एकमेकांना घट्ट धरतात आणि ई व्हॅल्यू वाढते.

आता प्लेट काय मोजते ते बघा. तिच्या दाबाचा परिणाम जेमतेम दुप्पट रुंदीपर्यंत, 60 सेंमी खोल पोचतो. शिवाय टेस्टचा खड्डा प्लेटच्या पाचपट रुंद खणायचा असतो, म्हणजे तिच्या आजूबाजूची माती आपण आधीच काढून टाकलेली असते. ही वरवरची, सुटी झालेली वाळू 6700 दाखवणारच. फुटिंगचा परिणाम 4 मीटर खोल जातो आणि त्यातली बहुतेक वाळू प्लेटने कधी पाहिलेलीच नसते.

म्हणूनच आयएस 1888 मध्ये वाळूसाठी टर्झागी आणि पेक यांचं वेगळं सूत्र आहे:

```
Sf / Sp = [ Bf (Bp + 0.3) / ( Bp (Bf + 0.3) ) ]²
        = [ 2 × 0.6 / (0.3 × 2.3) ]² ≈ 3.0
```

6.67 ऐवजी 3. सेटलमेंट 15 मिमी. मी हे कन्सल्टंटसमोर ठेवलं तर उत्तर मिळालं, "ते जुनं अनुभवावरचं सूत्र आहे, आपण थिअरीने जाऊ." मी म्हटलं, "सर, मग थिअरीनेच जाऊ, पण ई व्हॅल्यू बोअरहोलमधून घेऊ." मालकाने बोअरिंगचा खर्च मान्य केला. फुटिंगच्या तळाखालच्या 4 मीटरमध्ये दुरुस्त केलेल्या एन व्हॅल्यूची सरासरी 15 आली. वाळूसाठी प्रचलित असलेलं `E = 500 (N + 15)` लावलं की 15,000 kPa. तेच इलॅस्टिक सूत्र, तोच 0.82:

```
S = 150 × 2 × 0.91 × 0.82 / 15000 ≈ 0.015 m
```

पुन्हा 15 मिमी. इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोग आहे, पण दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावात पोचलो की माझा विश्वास बसतो. फुटिंग्ज उथळच टाकली. लेव्हल घेत राहिलो. इमारत पूर्ण झाली तेव्हा सगळ्यांत जास्त खचलेला कॉलम 11 मिमीवर होता, तोही राहणाऱ्यांचा भार यायच्या आधी. तो रिपोर्ट मात्र कधीच बदलला गेला नाही. "क्लायंटच्या जबाबदारीवर" असा शेरा मारून त्यांनी हात झटकले. आजही तीच पद्धत दुसऱ्यांच्या रिपोर्टमध्ये दिसली की मला राग येतो, कारण पाइलचे पैसे रिपोर्ट लिहिणारा भरत नाही.

तुमच्या फॅक्टरबद्दल अजून एक. 1.12 मध्याला आणि 0.56 कोपऱ्याला, म्हणून फुटिंग बशीसारखं वाकेल असं वाटतं. वाळूवर असं घडेलच असं नाही. फुटिंगच्या कडेच्या वाळूला बाहेरून दाब नसतो, ती तिथेच जास्त दबते, त्यामुळे लवचीक भाराखाली कडा मध्यापेक्षा जास्त खचू शकतात. तेव्हा वाळूवर मध्य आणि कोपरा यांतल्या फरकावरून डिफरन्शियल सेटलमेंट काढू नका. ते दोन शेजारी फुटिंग्जच्या भारांतून आणि वेगवेगळ्या बोअरहोलमधल्या एन व्हॅल्यूंतून काढा.

तक्त्यातले हे फॅक्टर अनंत खोल जमिनीसाठी आहेत, हेही ध्यानात ठेवा. कोकणात खाली जांभा किंवा काळा खडक लवकर लागतो. तळाखाली 4 मीटरवर खडक असेल तर स्टाइनब्रेनरच्या पद्धतीने याच फुटिंगच्या मध्याचं सेटलमेंट 20.4 वरून 15.6 मिमीवर येतं, चौथा हिस्सा कमी. ताठपणासाठी ते 0.93 ने गुणायचं. खडक उथळ असताना थेट 0.82 वापरणं म्हणजे नसलेली वाळू दाबणं.

पाण्याचं मी अजून बोललो नाही. आमच्या साइटवर पाणी खोल होतं. तुमच्याकडे पावसाळ्यात पाणी तळापर्यंत येत असेल तर 500 च्या जागी 250 घ्या. ई व्हॅल्यू निम्मी, सेटलमेंट 30 मिमी. कोरड्या दिवसांत घेतलेली प्लेट टेस्ट हे दाखवणारच नाही. आणि एन व्हॅल्यू 10 च्या खाली असेल तर टर्झागी-पेकचं गुणोत्तर, माझी 15 मिमीची गोष्ट, सगळं बाजूला ठेवा. सुट्या वाळूत भारासोबत सेटलमेंट सरळ रेषेत वाढत नाही, भूकंपात ती पातळ होण्याचा धोका वेगळाच. तिथे वाळू घट्ट करणं किंवा खरोखरच पाइल हाच मार्ग.

तुमच्याकडे बोअरहोल आहे का, आणि पाणी कितीवर लागलं, ते प्रश्नात टाका. नसेल तर डिझाइन थांबवून आधी बोअरहोल घ्या.