निर्देशांक आणि विनिमय दर एकाच तारखेचे घ्या

वेर्ण्याच्या कारखान्यातून जर्मनीला जाणाऱ्या इंजिनिअरचं पॅकेज तुम्ही पहिल्यांदाच बनवताय, म्हणून सुरुवातीला एवढंच पक्कं करा.

राहणीखर्चाचा निर्देशांक, म्हणजे इथला खर्च १०० धरला तर तशाच राहणीला तिकडे किती लागतो तो आकडा, पूर्ण पगाराला लावू नका. कर, बचत आणि घरभाडं वेगळं काढून, इथे रोजच्या खर्चाला लागणाऱ्या रकमेलाच लावा. ती महिना १ लाख रुपये धरू. तशाच राहणीला तिकडे २,००० युरो लागतात. युरो ९० रुपयांना असेल तर ते झाले १,८०,००० रुपये, म्हणजे निर्देशांक १८०.

आता युरो १०० रुपयांवर गेला. जुना १८० तसाच ठेवून नव्या दराने पैसे दिलेत, तर हातात १,८०० युरोच पडतात. सर्रास होणारी चूक हीच. नव्या दराला निर्देशांक २०० हवा, मग २,००० युरो भरतात. उलट, निर्देशांक २०० केल्यावर दरवाढीची वेगळी भरपाई देऊ नका. ती त्यात आलेलीच आहे.

रुपया वधारला की निर्देशांक उतरतो आणि खर्चाची रक्कम रुपयांत कमी दिसते. युरो तेवढेच राहतात, हे माणसाला निघण्याआधीच आकडे मांडून दाखवा. नाहीतर पगार कापला म्हणून त्याचा फोन येणारच.