वर्षअखेरचा मेल, विक्री न करता

प्रश्न: डिसेंबरमध्ये क्लायंट्सना शुभेच्छांचा मेल पाठवायचाय, पण तो सेल्सचा वाटू नये, काय लिहू?

आमचं भोसरीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. मी मेल २० डिसेंबरच्या आतच पाठवतो कारण नंतर परचेसवाले सुट्टीवर जातात. बीसीसीत सगळ्यांना एकच मेल टाकू नका, निदान मोठ्या दहा-पंधरा जणांना तरी वेगळा लिहा, आणि त्यात त्या वर्षातली एक खरी गोष्ट हवी. मी एकांना लिहिलेलं असं:

"नमस्कार सर, जुलैच्या पावसात आमची गाडी घाटात अडकली आणि माल एक दिवस उशिरा आला, तेव्हा तुमच्या स्टोअरच्या मंडळींनी रात्री साडेनऊला थांबून तो उतरवून घेतला. ते लक्षात आहे, त्यांनाही आमचे आभार सांगा. आम्ही १ जानेवारीला बंद आहोत, अर्जंट लागलं तर माझा मोबाईल चालू आहे. नवीन वर्षाच्या शुभेच्छा."

बस्स, एवढंच. रेटलिस्ट, ऑफर, "नवीन वर्षात अधिक संधी द्याल" हे काही नको, आणि थकलेल्या बिलाची आठवण तर अजिबात नको, त्याचा मेल वेगळा. सहीखालचा प्रॉडक्टचा बॅनरपण त्या दिवशी काढा, लोक तोच विसरतात.