कप ढकलणारे पात्र: सावली आणि स्पर्श

खऱ्या व्हिडिओत बसवायचे तुमचे संगणकावर बनवलेले बोटभर उंचीचे पात्र टेबलावरचा खरा कप ढकलणार असेल, तर कप आधी खरोखर हलवून त्याचे चित्रीकरण करून घ्या. कपाच्या ज्या बाजूला कॅमेरा पाहू शकत नाही तिथे नायलॉनचा बारीक दोरा चिकटवून तो हळू ओढावा आणि नंतर पात्राचे हात फ्रेममागून फ्रेम कपाच्या हालचालीला जुळवावेत. उलट क्रमाने केल्यास हात कपात घुसतात किंवा अधांतरी राहतात. कप सरकण्याच्या चार-पाच फ्रेम आधीच पात्राने अंग झुकवून जोर लावायला हवा, नाहीतर कपच त्याला ओढत नेतो असे वाटते.

पात्राच्या सावलीसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टेबलाच्या जागी सपाट पृष्ठभाग आणि कपाच्या मापाचा साधा नळकांडा ठेवून दोन्हींना `Shadow Catcher` लावा, म्हणजे त्या वस्तू न दिसता त्यांच्यावर पडलेली सावलीच दिसेल आणि ती टेबलावरून कपावर चढताना योग्य जागी मोडेल. नळकांडाही खऱ्या कपाबरोबर सरकवावा लागतो. सावलीची कड किती मऊ ठेवायची हे कपाच्या खऱ्या सावलीवरून ठरवा. ब्लेंडरमधल्या दिव्याचा आकार वाढवला की कड मऊ होते. पाय टेकतात तिथली गडद रेघ मात्र नीट तपासा, कारण ती फिकी पडली की पात्र तरंगू लागते.