गायरानाची अडीचशे पानांची नस्ती आणि साहेबांसाठी एक पान

*प्रश्न: मी जिल्हाधिकारी कार्यालयात महसूल शाखेत नवीन आहे. गायरान अतिक्रमणाची अडीचशे पानांची नस्ती हातात दिली आहे आणि "साहेबांसाठी पर्यायांसह एका पानाची टिपणी करा" असे सांगितले आहे. काय ठेवू आणि काय गाळू, हेच कळत नाही. कुणी केली आहे का अशी टिपणी?*

केली आहे, आणि तीही गायरानाचीच. म्हणून त्याच नस्तीवरून सांगतो. गाव ओळखू येऊ नये म्हणून आकडे बदलले आहेत, पण गुंता जसा होता तसाच ठेवला आहे.

एका गावातल्या 14.20 हेक्टर गायरानावर घरे होती, रस्त्याकडेला दुकाने होती, काहींनी जमीन कसायलाही घेतली होती. गावातल्याच एकाने अतिक्रमण काढण्यासाठी अर्ज दिला होता. तो पडून राहिला म्हणून तो उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने आठ आठवड्यांत अर्जावर निर्णय घ्यायला सांगितले. पाच आठवडे पत्रव्यवहारातच गेले, त्यानंतर नस्ती माझ्याकडे आली.

पहिले दोन दिवस मी तुमच्यासारखाच पान 1 पासून वाचत बसलो आणि सारांश काढत गेलो. सहा पाने झाली, ती दोन पानांवर आणली आणि तिथेच अडकलो. आमचे नायब तहसीलदार भाऊसाहेब म्हणाले, "सारांश कशाला काढताय? साहेबांनी नेमका कशावर निर्णय घ्यायचा, ते वाक्य आधी लिहा." ते वाक्य लिहायलाच मला अर्धा दिवस लागला. "अतिक्रमणाबाबत निर्णय व्हावा" असे लिहून चालत नाही. कोणत्या कलमाखाली, कुठल्या अर्जावर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचाच आहे की शासनाचा, हे त्यात यावे लागते. ते वाक्य नक्की झाले की नस्तीतल्या प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: हा नसता तर निर्णय बदलला असता का? ग्रामसभेचे चार ठराव, दोन मोर्चांची निवेदने, तीन स्मरणपत्रे यांतले बहुतेक त्या प्रश्नावर गळून पडते. जमीन गायरान म्हणून कधी नोंदली गेली आणि पूर्वी काही आदेश झाला होता का, एवढाच इतिहास मी ठेवला.

खरा वेळ आकड्यांना द्या. माझ्या नस्तीत अतिक्रमणांचे तीन आकडे होते. तलाठ्याच्या गाव नमुना 1-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमण नोंदवहीत, 41. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून 118. भूमि अभिलेखच्या मोजणीत 96. यांतला सोयीचा एक उचलून लिहिला तर टिपणी तिथेच पडते, कारण सुनावणीत समोरचे वकील नेमका दुसरा आकडा काढतात. हे माझ्यासमोर घडलेले आहे. आधीच्या एका प्रकरणात आमच्या टिपणीतला आकडा कुठून आला, हे साहेबांना भर सुनावणीत सांगता आले नव्हते. तेव्हा आकडा वेगळा का येतो, याचा माग काढा. 1-ई वर्षानुवर्षे अद्ययावत झालेली नव्हती, म्हणून 41. नमुना 8 घरपट्टीसाठी असतो. एका घरात तीन भाऊ वेगळे झाले की तीन नोंदी होतात, शिवाय गावठाणाच्या कडेची काही घरे गटाबाहेर असूनही त्या यादीत आली होती, म्हणून 118. मोजणीने जागेवरची बांधकामे मोजली होती. म्हणून मी 96 धरला आणि बाकीचे दोन का धरले नाहीत ते एका ओळीत लिहिले.

त्याच ओघात घरपट्टीचेही सांगतो. लोक पावत्या आणि विजेची बिले घेऊन येतात. माणूस तिथे कधीपासून राहतो याचा तो पुरावा होऊ शकतो, पण त्यातून जमिनीची मालकी येत नाही. टिपणीत "कब्जेदारांकडे पुरावे आहेत" असे मोघम लिहिले तर साहेबांचा समज चुकीचा होतो. कशाचे पुरावे, ते लिहा.

आता पर्याय. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती अशी: आपल्याला एक पर्याय पटलेला असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बुजगावणी उभी केली जातात, एक क्रूर आणि एक अशक्य. साहेबांच्या ते लगेच लक्षात येते आणि मग आपल्या खऱ्या पर्यायावरचाही त्यांचा विश्वास उडतो. प्रत्येक पर्याय असा हवा की त्यापुढे सही झाली तर उद्या सकाळी कामाला लागता येईल. त्यासाठी आधी कायद्याची भिंत कुठे आहे ते पाहावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 50 खाली अतिक्रमण काढता येते, कलम 51 खाली नियमानुकूल करता येते. पण गायरानाला कलम 22-अ लागू आहे. सार्वजनिक प्रयोजन असेल आणि दुसरी योग्य जमीन नसेल, अशा मोजक्या परिस्थितीतच गायरान दुसऱ्या कामाला देता येते. त्यात जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी दिलेला निकाल आहे. गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढा आणि नियमानुकूल फक्त अपवादानेच करा, असे तो सांगतो. अपवादाची उदाहरणेही त्यात आहेत: शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल. त्याच वर्षी 12 जुलैला आपल्या शासनाचा निर्णयही निघाला. म्हणजे "सर्व घरे कलम 51 खाली नियमानुकूल करावीत" हा पर्याय कागदावर छान दिसला तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला नाही. तो पर्याय म्हणून लिहिला की साहेबांची फसगत होते. का उपलब्ध नाही, हे मात्र लिहावे, कारण गावकऱ्यांचे शिष्टमंडळ आल्यावर तोच प्रश्न त्यांना पहिला विचारला जाणार असतो.

शेवटी जे पान गेले, ते साधारण असे होते:

> निर्णयासाठी: अर्जदाराच्या अर्जावर कलम 50 खाली आदेश. उच्च न्यायालयाची मुदत 28 नोव्हेंबर. (प.वि. पान 187)
>
> स्थिती: गायरान 14.20 हे. त्यापैकी बांधकामाखाली 3.10, वहितीखाली 4.60 (5 इसम), मोकळे 6.50. मोजणीनुसार खासगी बांधकामे 96: राहती घरे 74, दुकाने 14, गोठे व शेड 8. याशिवाय शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी. (प.वि. पान 203) 1-ई मधील 41 ही नोंद अपुरी आहे. नमुना 8 मधील 118 मध्ये एका घराच्या अनेक नोंदी व गटाबाहेरील घरे आहेत.
>
> बंधन: कलम 22-अ व 2011 चा निकाल यांमुळे सरसकट नियमानुकूल करणे या स्तरावर शक्य नाही.
>
> पर्याय 1: सर्व 96 बांधकामे व वहिती काढण्याचा एकच आदेश. मुदत पाळली जाते. 74 घरांना स्वतंत्र सुनावणी मिळत नसल्याने आदेशाला स्थगिती मिळण्याचा संभव मोठा. मोठा पोलीस बंदोबस्त लागेल.
>
> पर्याय 2: वहिती, दुकाने व शेड काढण्याचा आदेश आत्ता. घरांना नोटिसा देऊन घरनिहाय सुनावणी, रोज 10 धरल्यास 8 दिवस. सार्वजनिक इमारतींची बाब वेगळी. मुदतीत बसते, मात्र नोटिसा या आठवड्यात निघाल्या पाहिजेत.
>
> पर्याय 3: राहत्या घरांपुरता प्रस्ताव शासनास व न्यायालयास मुदतवाढीची विनंती. शासनाकडून उत्तर केव्हा येईल ते सांगता येत नाही. मुदतवाढ न मिळाल्यास अवमानाचा धोका.
>
> काहीच न केल्यास: 28 नोव्हेंबरनंतर अवमान याचिका.
>
> अभिप्राय: पर्याय 2. आदेशार्थ सादर.

प्रत्येक पर्यायात मी तेच प्रश्न सोडवले आहेत: काय करायचे, मुदतीत बसते का, कुठे अडकेल. एका पर्यायाचे फायदे आणि दुसऱ्याचे फक्त तोटे लिहिले तर तुलनाच होत नाही. "काहीच न केल्यास" ही ओळ कधी गाळू नका, कारण नस्ती टेबलावर पडून राहणे हासुद्धा एक निर्णयच असतो आणि त्याची किंमत साहेबांना दिसली पाहिजे. अभिप्राय मात्र पर्यायांच्या खाली, एका ओळीत. पर्याय लिहितानाच विशेषणे वापरून कौल देऊ नका.

पान क्रमांक लिहिण्याचा कंटाळा करू नका. साहेबांना शंका आली तर त्यांनी ते पान उघडावे आणि अर्ध्या मिनिटात खात्री करावी. ई-ऑफिसवर असाल तरी हे लागू आहे. आणि मजकूर बसत नाही म्हणून अक्षर बारीक करणे, समास कमी करणे, असे काही करू नका. एका पानाचा हट्ट कागद वाचवण्यासाठी नसतो. दोन बैठकांच्या मधल्या तीन मिनिटांत ते वाचून व्हावे, यासाठी असतो.

एक गोष्ट मात्र टिपणीत कुठेच दिसत नाही, पण तिच्याशिवाय ती लिहिता येत नाही: जागेवर जाऊन या. मी तलाठी आणि कोतवाल यांच्याबरोबर एक दुपार गेलो. नकाशात "शेड" म्हणून दाखवलेल्या दोन ठिकाणी चूल पेटलेली होती, आत माणसे राहत होती. आणि "राहते घर" म्हणून दाखवलेल्या एकाला बाहेरून कुलूप होते, मालक शहरात. वर दिलेले 74 आणि 8 हे आकडे त्या दुरुस्तीनंतरचे आहेत. तसाच आदेश निघाला असता तर त्या दोन कुटुंबांची घरे सुनावणीशिवाय पडली असती. 2022 च्या अखेरीला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या घरांना नोटिसा गेल्या, तेव्हा गावोगाव लोक किती धास्तावले होते ते तुम्हीही पाहिले असेल. आपल्या तक्त्यातल्या एका रकान्यामागे माणसे असतात.

पाठवण्यापूर्वी टिपणी दुसऱ्या कार्यासनातल्या, हे प्रकरण अजिबात माहीत नसलेल्या सहकाऱ्याला द्या. वाचून झाल्यावर कागद परत घ्या आणि विचारा: साहेबांनी काय ठरवायचे, केव्हापर्यंत, आणि पर्याय 1 व 2 मध्ये फरक काय? माझ्या सहकारी ताईंना तिसऱ्याचे उत्तर देता आले नाही. तेव्हा दोन्ही पर्यायांत सुनावणीचा उल्लेख होता, पण एकीकडे ती सर्वांची एकत्र आणि दुसरीकडे घरनिहाय, हे मी स्पष्ट लिहिलेच नव्हते.

टिपणी त्याच संध्याकाळी परत आली. पर्याय 2 पुढे सही होती, खाली "नोटिसा सोमवारपर्यंत" असे लिहिले होते, आणि समासात एक प्रश्न: "74 पैकी भूमिहीन व अन्यत्र घर नसलेली कुटुंबे किती?" ते माझ्याकडे नव्हते. मग तलाठ्याकडून घरनिहाय यादी मागवली, प्रत्येकाच्या नावे गावात 8-अ चा उतारा किंवा दुसरे घर आहे का ते तपासले, आणि सुनावणीच्या पहिल्या दिवशी ती यादी साहेबांसमोर ठेवली. तुमच्या नस्तीत ती माहिती आहे का, ते आजच पाहून घ्या.