पोर झोपण्याऐवजी उठून बसते, तेव्हा आवाजात काय बदलायचं?

"झोपायच्या गोष्टींचे व्हिडिओ करतो. सगळ्या पात्रांचे आवाज मीच काढतो, पाऊस-विजांचे आवाज जोडतो. पण माझीच मुलगी ऐकता ऐकता उठून बसते. काय चुकत असेल?"

बहुतेक वेळा दोष आवाजाच्या मोठेपणात नसतो, तो अचानक येण्यात असतो. तापीकाठच्या कोकराची गोष्ट केली तेव्हा मीही वीज कडाडवली होती. आवाज हळू ठेवला होता, तरी पुतण्या दचकला. वेव्हफॉर्म पाहिला तर शांततेतून एकदम उभी भिंत. मग कडाडण्याचा पहिला तडाखा कापला, मागची गडगड तेवढी ठेवली आणि तिला दोन सेकंदांचा फेड-इन दिला. आधी निवेदनात "लांब कुठेतरी आभाळ गडगडलं" असं म्हणून घेतलं, गडगड त्यानंतर. शब्द आधी आला की कान तयार असतो.

पण ती गडगड मोबाइलवर ऐकूच येईना. फोनच्या छोट्या स्पीकरमधून अगदी खालचे, घुमणारे आवाज निघत नाहीत. हेडफोनवर मिक्स करणारे इथेच फसतात. फोनवर ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात, आणि तोच व्हिडिओ टीव्हीवर लावला की घर हादरतं. त्यापेक्षा वीज सोडून द्या, पानांची सळसळ घ्या. आपल्याकडे केळीची वाळलेली पानं कमी नाहीत. माइकपासून हातभर अंतरावर दोन पानं हलकेच घासली की बागेतला वारा मिळतो, आणि तो फोनवरही नीट वाजतो. निवेदनाखाली तो साधारण १८ ते २० डीबी खाली ठेवा.

पात्रांसाठी सॉफ्टवेअरने पट्टी चढवू नका. आवाज चिरका होतो, शब्द कळत नाहीत आणि पोरं हसायला लागतात. मी वेगावर पात्रं वेगळी करतो. कोकरू भरभर, तुटक बोलतं. म्हातारी मेंढी प्रत्येक वाक्याआधी श्वास घेते आणि अहिराणीत विचारते, "कथा जाई राहिना रे भो?" तेवढ्यानंच ती ओळखू येते, आवाज थरथरवावा लागत नाही. निवेदन मात्र प्रमाण मराठीत, माइकपासून वीतभर अंतरावर, तोंड किंचित तिरकं ठेवून. नाहीतर 'प', 'फ', 'भ'ला माइकवर फटकारा बसतो. उन्हाळ्यात कूलर बंद करून रात्री उशिरा रेकॉर्ड करा. घरघर नंतर काढायला गेलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

गोष्टीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागात माझ्याकडे एकच इफेक्ट उरतो, तो वारा. कोकरूही तिथे हळू बोलायला लागतं, दोन वाक्यांमधली जागा वाढते. शेवटी संगीत वाजवून व्हिडिओ संपवू नका, वाराच दहा-पंधरा सेकंदांत विरू द्या.

अपलोड करण्याआधी दिवा मालवा, निवेदन जेमतेम कळेल इतकाच फोनचा आवाज ठेवा आणि डोळे मिटून ऐका. जिथे डोळे उघडतील तिथली वेळ लिहून ठेवा. माझ्या त्या गोष्टीत अशा चार जागा निघाल्या. तीन विजेच्या होत्या, चौथी माझ्याच जोरात हसण्याची.