सांगलीच्या वाड्यातली लक्ष्मी: तैलचित्र की छापील?

प्रश्न: "गावभागातल्या आमच्या वाड्यात रविवर्मांची सही असलेली लक्ष्मी आहे. समोरून, मागून आणि भिंगातून काढलेले फोटो आणि १९३१ची पावती जोडली आहे. हे मूळ तैलचित्र आहे का?"

नाही, हे छापील आहे. पण छपाई जुनी, शिळाछाप म्हणजे दगडावरून केलेली आहे. पावती मात्र खोटी आहे.

तिरप्या उजेडातला फोटो पाहा. हातानं रंगवलेल्या चित्रात कुंचल्याचा फटकारा गालाच्या गोलाईबरोबर वळतो, पदराच्या चुणीपाशी दिशा बदलतो, दागिन्यांवर रंग जाड बसतो. तुमच्या चित्रात कॅनव्हाससारखी वीण गालावर, साडीवर आणि पाण्यावर अगदी एकसारखी आहे. ती छपाईनंतर कागदावर दाबून उठवलेली असते आणि वरून वार्निश दिलेलं असतं.

भिंगाच्या फोटोनं उरलेली शंका मिटते. गालावर फिक्या गुलाबी आणि तपकिरी रंगाचे वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके एकमेकांवर पडलेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक ओळींत येतात आणि त्यांची छोटी फुलं दिसतात. सहीसुद्धा ठिपक्यांचीच आहे, म्हणजे ती चित्राबरोबर छापली गेली. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मागच्या बाजूचा फोटो मला सर्वांत मोलाचा वाटला. कागदावर तपकिरी उभ्या रेघा आहेत आणि त्या मागच्या फळ्यांमधल्या फटींशी तंतोतंत जुळतात. एका गाठीचा गोल डागही उमटलाय. लाकडातलं आम्ल आणि फटीतून येणारी हवा यांनी असे डाग पडायला अनेक वर्षं लागतात. म्हणजे चित्र याच चौकटीत दीर्घकाळ आहे. नुसती चौकट जुनी असणं हा पुरावा नव्हे, कारण जुन्या चौकटीत नवं चित्र सहज बसवता येतं. चहाच्या पाण्यानं जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो.

आता पावती. तिच्यावर 'जि. सांगली' आणि 'रु. १२.५०' लिहिलंय. १९३१ साली सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. जिल्हा झाला १९४९मध्ये, तोही 'दक्षिण सातारा' या नावानं; सांगली हे नाव १९६०मध्ये मिळालं. दशमान नाणी १९५७ची. त्याआधी साडेबारा रुपये १२-८-० असे लिहीत. त्यामुळे हा कागद १९६०नंतरच कोणीतरी तयार केलाय. चित्र विकायचं झालं तर पावती सोबत देऊ नका, खऱ्या जुन्या छापेवरही संशय येईल.

छाप कोणत्या काळातली, हे या फोटोंवरून ठरत नाही, कारण खालचा समास चौकटीत दडलाय. रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यामुळे समासात 'कार्ला-लोणावळा' असा इंग्रजी मजकूर सापडला तर छाप मुंबईनंतरची. चित्रकार १९०६मध्ये वारले, छपाई त्यानंतरही चालू होती.

चौकट उघडताना आधी मागचे खिळे काढा. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. ओढलात तर वार्निशसकट रंग काचेवर राहील. तसं असेल तर कागद जतन करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. समासाचा फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात.